हातात २९ हजार की १९ हजार? शैक्षणिक कर्ज डोक्यावर असताना नोकरी निवडण्याचा हिशेब

प्रश्न: यंदा बी.फार्म. झालो. घर डिचोलीला. शैक्षणिक कर्ज पाच लाख, व्याज दहा टक्के, हप्ते पुढच्या वर्षी सुरू होतील. दोन नोकऱ्या आल्या आहेत. एक एमआरची, म्हणजे औषध कंपनीच्या विक्री प्रतिनिधीची, हातात २९ हजार. दुसरी वेर्ण्याच्या औषध कारखान्यात प्रॉडक्शन ट्रेनी, हातात १९ हजार. सगळे म्हणतात प्लांटमध्ये पुढे पगार वाढतो. बाबा म्हणतात आधी कर्ज फेड. गणेश चवथीच्या आत कळवायचं आहे. काय करू?

उत्तर:

प्लांटमध्ये पगार वाढतो हे खरं आहे, पण सगळ्यांचा वाढत नाही. कोणाचा वाढतो आणि कोणाचा नाही, हे बऱ्याच वेळा पहिल्या दोन वर्षांत ठरून जातं. मी गोळ्या-कॅप्सूलच्या उत्पादनात आयुष्य काढलं आहे. आता भरतीच्या मुलाखती घेतो आणि दरवर्षी ट्रेनी म्हणून येणारी मुलं कर्जाचे कागद घेऊन माझ्याकडे बसतात. म्हणून दोन्ही बाजूंनी सांगतो.

आधी हे बघू की प्रॉडक्शनमध्ये पगार वाढतो तो कशामुळे. औषध नियम, १९४५ मध्ये नियम ७१ आहे. औषध तयार करणाऱ्या कारखान्यात उत्पादन हे पात्र तांत्रिक माणसाच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच व्हावं लागतं, नाहीतर परवाना मिळत नाही. पात्र कोण, तेही नियमात लिहिलेलं आहे. फार्मसीचा पदवीधर असेल तर पदवीनंतर औषधनिर्मितीचा किमान १८ महिन्यांचा प्रत्यक्ष अनुभव हवा. रसायनशास्त्रातला बी.एस्सी. असेल तर त्याला तीन वर्षं लागतात. म्हणजे तुझ्या पदवीमुळे तू शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या बी.एस्सी. मुलाच्या दीड वर्ष पुढे आहेस. त्यानंतर कंपनी तुझं नाव अन्न व औषध प्रशासनाकडे पाठवते, कागद तपासले जातात आणि मान्यता आली की तू ‘अप्रूव्हड केमिस्ट’ होतोस. आपल्याकडे हे काम बांबोळीच्या कार्यालयातून चालतं.

या मान्यतेला किंमत का आहे? कारण प्रत्येक शिफ्टला असा माणूस लागतो आणि तो सोडून गेला तर कंपनी अडचणीत येते. नोकरी बदललीस तर नव्या कंपनीला तुझं नाव पुन्हा नोंदवावं लागतं, पण एकदा मान्यता मिळालेला माणूस घेणं तिला नवख्यापेक्षा कितीतरी सोपं जातं. म्हणून दोन वर्षांच्या आसपास पगारात पायरी पडते. ही वाढ दरवर्षीच्या इन्क्रिमेंटची नसते. ती एका कागदामुळे आलेली उडी असते. तुझा सगळा निर्णय हा कागद वेळेवर मिळणार की नाही यावर उभा आहे.

तो अडकतो कुठे, ते नीट वाच. सगळ्यात जास्त घोळ अनुभवाच्या प्रमाणपत्रात होतो. मुलगा १८ महिने काम करतो, पण पत्रावर नुसतं ‘ट्रेनी’ एवढंच लिहिलेलं असतं. विभाग नाही, गोळ्या की कॅप्सूल की सिरप याचा उल्लेख नाही. मान्यता औषधाच्या प्रकाराप्रमाणे मागितली जाते. गोळ्यांसाठी मागायची तर ग्रॅन्युलेशन, कॉम्प्रेशन, कोटिंग या कामांत तू होतास हे पत्रातून दिसलं पाहिजे. दुसरा घोळ असा की ऑफर प्रॉडक्शनची असते आणि माणूस दोन वर्षं पॅकिंगच्या लाइनवर पेट्या मोजत राहतो. तिसरा म्हणजे नेमणूक कंपनीची नसून कंत्राटदाराची असते. गेट तोच, टोपी तीच, बस तीच, पण पगाराच्या स्लिपवर नाव वेगळं. अशा वेळी अनुभवाचं पत्र कोण देणार यावरून पुढे वाद होतात.

हे आधी ओळखता येतं. ऑफर लेटरवर सर्वांत वर कोणाचं नाव आहे ते बघ. विभाग आणि विभागातलं काम लिहिलंय का ते बघ. बॉण्ड असेल तर किती वर्षांचा आणि किती रुपयांचा, ते वाच. दोन वर्षांपर्यंतचा बॉण्ड मला फारसा खटकत नाही, कारण तेवढा काळ तुला तिथे राहायचंच आहे. तीन वर्षांचा असेल तर पायरी पडण्याच्या वेळी तुझे हात बांधलेले राहतील. आणि एचआरला विचारण्यापेक्षा त्या प्लांटमध्ये तीन-चार वर्षं झालेल्या, तुझ्याच कॉलेजच्या मुलाला गाठ. त्याला ‘पगार किती’ असं विचारू नकोस, कोणी खरं सांगत नाही. ‘तुझं अप्रूव्हल किती महिन्यांनी झालं आणि तुझ्याबरोबर लागलेले किती जण अजून इथे आहेत’ असं विचार. बॅच रेकॉर्डवर त्याची सही ‘केलं’ या रकान्यात असते की ‘तपासलं’ या रकान्यात, हेही विचार. चार वर्षांनंतरही तो फक्त पहिल्याच रकान्यात सही करत असेल, तर त्या प्लांटमध्ये वर सरकायला जागा नाही असं समज.

आता आकडे. इथे एक गोष्ट भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. समज प्लांटमध्ये काही पायरी पडली नाही, फक्त वर्षाला दहा टक्के वाढ मिळाली आणि एमआरला आठ टक्के. ‘दहा म्हणजे जास्त, कधीतरी गाठणारच’ असं वाटतं. हिशेब केला तर १९ हजारांना २९ हजारांच्या पुढे जायला २४ वर्षं लागतात. तोवर कर्ज फिटून तुझी मुलं कॉलेजात गेली असतील. म्हणून ‘इथे इन्क्रिमेंट चांगलं आहे’ या एका वाक्यावर कमी पगाराची नोकरी कधीच घेऊ नये. पायरी दिसत असेल तरच घ्यावी.

पायरी पडली तर काय होतं ते बघू. मी धरतो, एमआरचा पगार दरवर्षी आठ टक्क्यांनी वाढला. प्लांटमध्ये पहिलं वर्ष १९ हजार, दुसरं २१, मान्यता मिळाल्यावर तिसऱ्या वर्षी २८, एक नोकरी बदलून चौथ्या वर्षी ३५, पाचव्या वर्षी ४२, मग ५०, ५८ आणि आठव्या वर्षी ६५ हजार. हे माझ्या अंदाजाचे आकडे आहेत, कोणत्याही कंपनीचा तक्ता नाही. तुझ्या त्या सीनियरच्या उत्तरांवरून तू ते बदल. या हिशेबात पाचव्या वर्षी महिन्याचा पगार एमआरच्या पुढे जातो. पण तिथे आनंद मानायचा नाही, कारण पहिल्या चार वर्षांत जे कमी मिळालं ते अजून भरून यायचं आहे. ती तूट चौथ्या वर्षाच्या शेवटी सगळ्यात मोठी असते, साधारण ३ लाख ३० हजार. ती पूर्ण भरून यायला आठवं वर्ष उजाडतं. पगार ज्या वर्षी गाठला त्या वर्षी आपण ‘सुटलो’ असं सगळ्यांना वाटतं, खरं म्हणजे त्यानंतर अजून तीनेक वर्षं जातात.

म्हणजे प्रश्न असा होतो: चार वर्षं ही तूट तुझ्या घराला झेपेल का? आणि इथे तुझं कर्ज येतं.

तू पाच लाख म्हणतोस, पण हप्ते सुरू होतील त्या दिवशी ते पाच लाख नसतील. चार वर्षं दरवर्षी सव्वा लाख बँकेने कॉलेजला दिले असं धरू. शिक्षणाच्या काळात आणि त्यानंतरच्या एका वर्षात सरळ व्याज चढत राहतं. पहिल्या सव्वा लाखावर पाच वर्षांचं, दुसऱ्यावर चारचं, तिसऱ्यावर तीनचं, शेवटच्यावर दोनचं. मध्ये व्याज भरलं नसेल तर ते सगळं मिळून १ लाख ७५ हजार होतं आणि मुद्दलात मिसळतं. हप्ता ६ लाख ७५ हजारांवर बसणार. शाखेत जाऊन हाच आकडा छापून मागून घे, तोंडी ऐकू नकोस.

दहा टक्क्यांनी सात वर्षांत फेडायचं ठरलं तर हप्ता ११,२०० च्या आसपास येतो. दुसऱ्या वर्षी तुझा पगार २१ हजार असताना हातात दहा हजारही उरणार नाहीत. इथेच मुलं प्लांट सोडतात, तेही बहुतेक वेळा अठरा महिने भरायच्या आत, म्हणजे ज्या कागदासाठी आले तो न घेताच. बाबांची भीती याच जागेची आहे आणि ती रास्त आहे.

यातून वाट अशी: मुदत लांब घ्यायची आणि पगार वाढला की लवकर फेडायचं. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्जयोजनेत परतफेडीला १५ वर्षांपर्यंत मुदत देता येते. तुझ्या मंजुरीपत्रात सात लिहिलेली असेल तरी पहिला हप्ता सुरू होण्याआधी अर्ज देऊन वाढवून माग. हप्ते थकल्यावर हीच विनंती केलीस तर तिची नोंद वेगळी होते, त्यामुळे वेळ महत्त्वाची. १५ वर्षांसाठी हप्ता ७,२५० च्या घरात येतो. २१ हजारांतून तो गेला तर पावणेचौदा हजार उरतात. डिचोलीत घरी राहून, कंपनीची बस आणि कॅन्टीन असेल तर यात भागतं. बस तुमच्या बाजूने येत नसेल आणि वास्कोत किंवा वेर्ण्याला खोली घ्यावी लागणार असेल, तर भागत नाही, हे स्पष्ट सांगतो. पगाराचा आकडा बघण्याआधी बस कुठून सुटते ते विचार.

‘१५ वर्षं म्हणजे व्याज किती जाईल’ असं बाबा विचारतील. पूर्ण १५ वर्षं तोच हप्ता भरत राहिलास तर व्याज ६ लाख ३० हजार होतं, मुद्दलाच्या जवळ जाईल इतकं. सात वर्षांच्या मुदतीत तेच २ लाख ६६ हजार. पण तू तसं करायचं नाहीस. फिरत्या व्याजदराच्या वैयक्तिक कर्जावर मुदतीआधी फेडल्याबद्दल बँकेला दंड घेता येत नाही, रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. तुझं कर्ज फिरत्या दराचं आहे ना, एवढं कागदावर बघून घे. मग नोकरीच्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या वर्षी ७,२५० भर आणि पाचव्या वर्षापासून, पगार ४२ हजार झाल्यावर, महिना १५ हजार भर. तसं केलं तर कर्ज ८६ महिन्यांत संपतं. म्हणजे सात वर्षांच्या मुदतीपेक्षा फक्त दोन महिने जास्त. व्याज साधारण ३ लाख ३० हजार जातं, सात वर्षांच्या योजनेपेक्षा ६३ हजार अधिक.

हे ६३ हजार म्हणजे प्लांटची वाट धरण्यासाठी बँकेला द्यायची किंमत. वर सांगितलेली ३ लाख ३० हजारांची तूट ही घराने सोसायची किंमत. दोन्ही आकडे एका कागदावर लिहून बाबांसमोर ठेव. ‘पुढे पगार वाढेल बाबा’ असं म्हणण्यापेक्षा ‘इतकं कमी मिळेल, इतक्या वर्षांनी भरून येईल, आणि नाही आलं तर या तारखेला मी वाट बदलीन’ असं म्हटलंस तर ते ऐकतील. त्या कर्जावर सहकर्जदार म्हणून बहुधा त्यांची सही आहे. हप्ता ९० दिवसांच्या वर थकला तर खातं बुडीत वर्गात जातं आणि डाग तुझ्याबरोबर त्यांच्याही सिबिलवर पडतो. म्हणून पहिल्या वर्षी, हप्ता नसताना, तीन हप्त्यांएवढे म्हणजे बावीस हजार रुपये वेगळ्या खात्यात टाकून ठेव. त्यापुढे जे उरेल त्यातून चालू व्याज भरत राहा. ते महिन्याला चार हजारांच्या थोडं वर आहे. सगळं नाही जमलं तर निम्मं भर. जेवढं भरशील तेवढं मुद्दलात मिसळायचं टळतं.

कर्जापैकी काही भाग गोवा शिक्षण विकास महामंडळाच्या बिनव्याजी योजनेतून घेतला असशील, तर त्याचे हप्ते नियमित भर, पण जास्तीचे पैसे तिकडे वळवू नकोस. जास्तीचा प्रत्येक रुपया व्याजाच्या कर्जात गेला पाहिजे. करसवलतीचं म्हणशील तर आयकर कायद्यानुसार शैक्षणिक कर्जाचं व्याज उत्पन्नातून वजा होतं, पण ते फक्त जुन्या कररचनेत. तुझ्या सुरुवातीच्या पगारावर तसाही कर बसणार नाही, त्यामुळे त्याला निर्णयात धरू नकोस.

एमआरच्या नोकरीबद्दलही न्यायाने बोललं पाहिजे. ती कमी दर्जाची नोकरी नाही आणि तिथेही माणसं वर जातात. फक्त गोवा लहान आहे. एरिया मॅनेजरच्या जागा मोजक्या, त्यामुळे बढती बहुतेकदा कोल्हापूर, बेळगाव, पुणे अशी बाहेर घेऊन जाते. तुला ते चालणार असेल तर आठ टक्क्यांचं माझं गृहीत कमी पडेल आणि मग वरचा सगळा हिशेब एमआरच्या बाजूने झुकेल. दुसरं असं की २९ हजारांत काय काय आहे ते तपास. त्यात रोजचा भत्ता आणि पेट्रोलचे पैसे धरलेले असतील तर ते तुझे नाहीत, ते डिचोली ते काणकोण बाइक फिरवण्यात जाणार. चार हजार तसे निघाले तर दोन नोकऱ्यांतला फरक दहाचा सहा हजारांवर येतो आणि तूट लक्षणीय कमी होते. इन्सेंटिव्ह धरून २९ सांगितले असतील तर टार्गेट हुकलेल्या महिन्यात किती मिळतात, तो आकडा घे. मी वर पूर्ण २९ धरले, म्हणजे प्लांटच्या विरुद्ध बाजू जेवढी भक्कम धरता येईल तेवढी धरली.

आणि एक: एमआर होऊन दोन वर्षांनी प्लांटमध्ये येऊ असा विचार असेल तर तो सोड. विक्रीचा अनुभव नियम ७१ मध्ये मोजला जात नाही, तू पुन्हा शून्यापासून ट्रेनी होशील आणि तेव्हा हप्ता सुरू झालेला असेल. उलट प्लांटमधून विक्रीत जाणं केव्हाही जमतं. १९ हजारांची नोकरी आधी घेऊन बघण्यात धोका कमी आहे तो याच कारणाने.

माझं मत विचारशील तर ऑफर लेटर कंपनीचं असेल, त्यात प्रॉडक्शन विभाग आणि कामाचं स्वरूप लिहिलेलं असेल, बस तुमच्या बाजूने येत असेल आणि घरचा खर्च तुझ्या पगारावर चालत नसेल, तर प्लांट घे. यातली घरखर्चाची अट मोडत असेल, बाबा निवृत्त असतील किंवा धाकट्या बहिणीची फी तुझ्यावर येणार असेल, तर बिनदिक्कत एमआर घे. त्या घरात पहिल्या चार वर्षांची तूट कोणीच भरून काढणार नाही आणि तू मध्येच प्लांट सोडशील, मग दोन्हीकडचं जाईल.

प्लांट घेतलास तर रुजू झाल्याची तारीख लिहून ठेव. दर सहा महिन्यांनी कोणत्या मशीनवर, कोणत्या प्रकारच्या औषधावर काम केलं याची स्वतःची नोंद ठेव आणि शक्य असेल तर सुपरवायझरची सही घे. अठरावा महिना संपला की स्वतःहून विचार, माझं नाव कधी पाठवताय. चोविसाव्या महिन्यापर्यंत नाव गेलंच नसेल तर तिसऱ्या वर्षाची वाट पाहू नकोस. विभाग आणि औषधाचा प्रकार लिहिलेलं अनुभवपत्र घे आणि कुंडई, पिळर्ण, थिवी इथल्या लहान कंपन्यांत विचारायला लाग. लहान ठिकाणी माणसं कमी असतात, तिथे मान्यतेसाठी नाव पाठवण्याची गरज कंपनीलाच जास्त असते.

चवथीच्या आत दोन कामं कर. आजच एचआरला ईमेल कर: विभाग कोणता, काम कोणत्या औषधप्रकारावर, नेमणूक थेट कंपनीची का, बॉण्ड किती, १८ महिन्यांनी मान्यतेसाठी नाव पाठवण्याची पद्धत काय. आणि बँकेत जाऊन मुदत वाढवण्याचा अर्ज कोणत्या तारखेपर्यंत चालेल ते विचार. एचआरने पाचपैकी विभागाचं आणि नेमणुकीचं उत्तर लेखी दिलं नाही, ‘ये तर खरं, मग बघू’ असं फोनवर सांगितलं, तर एमआरच्या कंपनीला होकार कळव.